काकांचा 'जोरात खोका' मेसेज: त्यांना न दुखावता कसं सांगावं?

वाटसरू

माझे थोरले काका, वय ७८. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे घरातले निम्मे लोक अजून त्यांना सरच म्हणतात. काकू गेल्यापासून चार वर्षं एकटे राहतात.

काल रात्री पावणेअकराला त्यांनी घरच्या ग्रुपवर (आम्ही ४१ जण आहोत) एक मेसेज टाकला. थोडक्यात असा: तुम्ही एकटे आहात, अचानक छातीत कळ येते, ती हातात आणि जबड्यापर्यंत जाते. शुद्ध हरपायला फक्त दहा सेकंद उरलेत. घाबरू नका. दीर्घ श्वास घ्या आणि जोरात खोका, दर दोन सेकंदांनी, मदत येईपर्यंत किंवा ठोके पूर्ववत होईपर्यंत. शेवटी 'हृदयरोगतज्ज्ञ सांगतात, हा मेसेज दहा जणांना पाठवलात तर एक जीव नक्की वाचेल'. आणि वर ते दोन बाण, म्हणजे आधीच बराच फिरून आलेला.

सकाळपर्यंत त्यावर अकरा जणांचे हात जोडून झाले. आत्याने लिहिलं, "फार उपयोगी, सेव्ह केलंय."

मी अजून काहीच बोललो नाही, कारण मागचा अनुभव. वर्षापूर्वी त्यांनी असंच काही पाठवलं होतं. मी तीन मिनिटांत पडताळणीची लिंक चिकटवली आणि लिहिलं, "काका, हे खोटं आहे, पाठवण्याआधी तपासत जा." धाकट्या चुलतभावाने त्यावर हसणारा चेहरा टाकला. काकांनी "बरं" एवढंच लिहिलं. पुढे तीन महिने ग्रुपवर त्यांचं एक अक्षर नाही. एका लग्नात भेटले तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "आता तुम्ही शिकवा, आम्ही शिकतो." तो आवाज अजून कानात आहे.

या वेळी गप्प बसावंसं वाटत नाही. कोणी खरंच छातीत दुखताना खोकत बसलं तर? पण पुन्हा तसंही नको. काय करू?

चक्रम

शीर्षक वाचून राजकारणाचा धागा समजून आलो होतो. हे खोके वेगळे निघाले.

खडूस_बोका

एवढा विचार कशाला? म्यूट करायचं. आमच्या ग्रुपवर रोज सकाळी तीन असाध्य रोग बरे होतात. मी वाचायचंच सोडलंय, माझा रक्तदाब खाली आलाय. हा माझा स्वतःचा फॉरवर्ड समजा.

रेवा_न

बोकोबा, इतर मेसेजच्या बाबतीत मी तुमच्याशी सहमत झाले असते. हा मात्र सोडून देण्यातला नाही. मी कॅथलॅबमध्ये अकरा वर्षं नर्स आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हा मेसेज साधारण १९९९ पासून फिरतोय, तेव्हा ईमेलवर होता. गंमत म्हणजे तो पूर्ण हवेतून आलेला नाही. आमच्याकडे अँजिओग्राफी चालू असताना कधीकधी मॉनिटरवर ठोक्यांची लय एकदम बिघडते. रुग्ण टेबलावर जागा असतो. त्या क्षणी डॉक्टर खरंच ओरडतात, "खोका! जोरात! पुन्हा!" खोकताना छातीतला दाब वाढतो आणि तेवढ्यापुरतं रक्त मेंदूकडे ढकललं जातं, त्यामुळे रुग्ण काही सेकंद शुद्धीवर राहतो. तेवढ्यात आमच्यापैकी कोणीतरी शॉक द्यायच्या यंत्राशी पोचलेलं असतं. १९७६ साली यावर पहिल्यांदा लिहिलं गेलं, तेही कॅथलॅबमधल्याच रुग्णांबद्दल.

आता मेसेजमध्ये काय झालं ते बघा. दोन वेगळ्या गोष्टींची मोट बांधलीय. छातीत कळ, हात-जबडा दुखणं, घाम, हा हार्ट अटॅक. म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी तुंबली आहे, पण हृदय धडधडतंय आणि माणूस बोलतोय. त्यात खोकून वाहिनी उघडत नाही. दुसरी गोष्ट हृदय बंद पडण्याची, कार्डियाक अरेस्ट. त्यात दहा-पंधरा सेकंदांत माणूस कोसळतो. घरी एकट्या माणसाला ती लय बिघडलीय हे कळणार कसं? आणि कळेपर्यंत तो खाली पडलेला असतो. म्हणजे पहिल्यात खोकून उपयोग नाही आणि दुसऱ्यात खोकायला माणूस शुद्धीवर नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही सामान्य लोकांना हे शिकवू नये असंच म्हटलंय.

वाटसरू, तुम्हाला यातलं उपयोगी काय, तर हे: काकांना "खोटं आहे" म्हणायची गरजच नाही. "डॉक्टर हे खरंच करतात, पण फक्त मॉनिटर लावलेल्या रुग्णावर" हे सांगता येतं. त्यांनी मूर्खासारखं काही मानलं असं होत नाही.

कोरडाठाक

धागा योग्य वेळी आला. मला तीन आठवड्यांपासून कोरडा खोकला आहे, रात्री जास्त. यामुळे हृदयाला फायदा होतो असं म्हणताय का? कोणी उपाय सांगेल का?

रेवा_न

नाही हो! हृदयाचा आणि तुमच्या खोकल्याचा इथे संबंध नाही. पण तीन आठवडे म्हणजे फार झाले. इथे विचारू नका, डॉक्टरांना छाती तपासू द्या.

टिपणवही

मानसशास्त्राचं थोडंफार वाचलंय, त्यावरून सांगतो. खोटी माहिती खोडून काढली की लोक ती आणखी घट्ट धरतात. उलटा परिणाम म्हणतात त्याला, प्रयोगांनी सिद्ध झालंय. म्हणून दुरुस्ती करूच नये. 'खोकला' हा शब्दही उच्चारू नका. फक्त हार्ट अटॅकमध्ये काय करावं याचा वेगळा मेसेज टाका आणि जुना आपोआप विरून जाऊ द्या.

चिंतातूर_जंतू

+१. माझ्या सासऱ्यांना जितकं समजवावं तितके ते वाढीव पाठवतात.

निरंजना

टिपणवही, तुम्ही म्हणताय त्यातलं अर्धं बरोबर आहे, पण गाडी मध्येच वळलीय. हा माझ्या कामाचा भाग आहे म्हणून लिहिते.

२००५ साली एक प्रयोग गाजला होता. लोकांना आरोग्याबद्दलची काही विधानं दाखवली आणि सांगितलं की अमुक खरी, अमुक खोटी. ज्या ज्येष्ठांना 'हे खोटं आहे' असं वारंवार सांगितलं होतं, त्यांच्यातले बरेच जण तीन दिवसांनी तीच विधानं खरी म्हणून आठवत होते. कारण हट्ट नव्हे. वाक्य ओळखीचं वाटतं, ते डोक्यात राहतं, पण त्यावर मारलेला 'खोटं' हा शिक्का पुसट होतो. वयानुसार 'कुठे ऐकलं, कोणी सांगितलं, काय शेरा होता' ही आठवण आधी सुटते. म्हणजे वाक्य उरतं आणि संदर्भ गळतो.

त्यावरून 'दुरुस्ती करूच नका' असा निष्कर्ष बरेच दिवस फिरला. पण नंतर लोकांनी पुन्हा पुन्हा तपासलं तेव्हा तो उलटा परिणाम क्वचितच सापडला. दुरुस्तीने समज सुधारतो, फक्त काळ गेला की सुधारणा झिजत जाते, आणि वय जास्त असेल तर जरा लवकर झिजते. ज्या दुरुस्तीत 'का चूक' याचं नीट कारण दिलेलं असतं, ती नुसत्या 'चूक' या शिक्क्यापेक्षा जास्त टिकते. कारण आधीची गोष्ट काढून घेतली की तिथे खड्डा पडतो, त्यात भरायला दुसरी गोष्ट लागते.

म्हणून रेवाताईंची कॅथलॅबची गोष्ट फार कामाची आहे. 'खोकून काही होत नाही' हे तिसऱ्या दिवशी विसरतील. 'टेबलावरचा रुग्ण, मॉनिटर, डॉक्टर ओरडतायत, शॉकचं यंत्र तयार' हे चित्र विसरणार नाहीत. आणि खोकल्याचा उल्लेख टाळू नका, नाहीतर काकांना कळणारच नाही की नवा मेसेज जुन्याच्या जागी आहे. दोन्ही सेव्ह करतील.

टिपणवही

बरं, माझं वाचन जुनं झालं म्हणायचं. पण चिंतातूरच्या सासऱ्यांचं काय? ते तर वाढलेच.

निरंजना

त्यांचा विश्वास वाढला की जावयाला खिजवायची हौस वाढली, ते बघावं लागेल. :)

चिंतातूर_जंतू

दुसरं. शंभर टक्के दुसरं.

पिकलेपान

मी ७४ वर्षांचा आहे. इथे सगळे आमच्याविषयी असे बोलताहेत की जणू आम्ही खोलीत नाही आहोत, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट. तुमच्या काकांना लिंक लागली नाही, तो हसणारा चेहरा लागला. आणि 'तपासत जा' हे लागलं. ज्याने चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या त्याला तुम्ही चारचौघांत 'तपासत जा' म्हणालात. तेच वाक्य मला कोणी बंद दाराआड म्हटलं असतं तर मी भांडलो असतो आणि ऐकलंही असतं.

दुसरी. आम्ही मेसेज का पाठवतो याचा विचार कोणी केलाय का? तुम्हाला वाटतं आम्ही बातमी देतोय. मी माझ्यापुरतं सांगतो, मी रात्री मुलांना काही पाठवतो तेव्हा त्याचा अर्थ 'मी आहे, तुमची आठवण आहे' एवढाच असतो. स्वतःहून काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून तयार पाठवतो.

आणि तिसरी. हा मेसेज 'तुम्ही एकटे आहात' इथून सुरू होतो. रात्री पावणेअकराला पाठवलाय. एकट्या राहणाऱ्या माणसाने. खोकल्याबद्दल नंतर बोला, आधी ते विचारा.

वाटसरू

पिकलेपान काका (काका म्हटलं तर चालेल ना?), तुमची तिसरी गोष्ट वाचून पोटात खड्डा पडला. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पिकलेपान

काका चालेल. आजोबा नको.

खडूस_बोका

हे सगळं हृदयस्पर्शी आहे, पण एक व्यावहारिक प्रश्न. तुम्ही काकांना एकट्यात गोड सांगितलंत, ते खूश, तुम्ही खूश. ग्रुपवरच्या उरलेल्या ३९ जणांचं काय? आत्याने सेव्ह केलंय. उद्या तिने छातीत दुखताना खोकत अर्धा तास घालवला तर काकांचा मान राखल्याचं समाधान कोणाला? चूक चव्हाट्यावर झाली, दुरुस्तीही चव्हाट्यावर हवी. एकाचा मान आणि ३९ जणांचे जीव, हिशेब सरळ आहे.

रेवा_न

म्यूट करा म्हणणारे बोकोबा हेच का? :) पण यात मी तुमच्या बाजूने आहे. ग्रुपवर गेलंच पाहिजे, आणि आठवडाभराने नाही.

निरंजना

गेलंच पाहिजे, फक्त ते काकांच्याच हातून गेलं तर दोन्ही होतं. आधी फोन, मग त्यांनी स्वतः टाकायचं. ते नाही म्हणाले तर मग वाटसरूंनी टाकावं, पण काकांचं नाव न घेता, त्यांच्या मेसेजला उत्तर म्हणून न जोडता. बाकीचे ३९ जण 'खोकला' वाचून ओळखतीलच, तरी बोट दाखवलेलं नसतं.

वाटसरू

ग्रुपसाठी एक मसुदा केलाय, बघा: "सर्वांना नम्र विनंती, छातीत दुखल्यास खोकण्याचा मेसेज चुकीचा व धोकादायक आहे. कृपया विश्वास ठेवू नये. छातीत दुखल्यास त्वरित रुग्णवाहिका बोलवावी. धन्यवाद."

चक्रम

सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची नोटीस वाटतेय.

निरंजना

चक्रमने योग्य शब्दांत सांगितलं. तिसऱ्या दिवशी यातलं काय उरेल? 'छातीत दुखलं, खोकला, मेसेज.' कारण कुठेच नाही. सुरुवात करायच्या कृतीने करा, मग खोकल्याची गोष्ट कुठून आली ते सांगा, मग इथे ती का लागू नाही ते, आणि शेवटी पुन्हा करायची कृती.

टिपणवही

त्यात हेही घाला की लगेच अ‍ॅस्पिरिन चावून खायची. ते तरी खरं आहे ना, रेवाताई?

रेवा_न

खरं आहे, पण ग्रुपवर सरसकट घालायला मी धजणार नाही. हार्ट अटॅकमध्ये एक अ‍ॅस्पिरिन, साधारण ३०० मिलिग्रॅम, गिळायची नाही तर चावून खायला सांगतात, आणि त्याने फायदा होतो. पण कोणाला त्या गोळीची अ‍ॅलर्जी असते, कोणाला नुकताच पोटात रक्तस्राव झालेला असतो, कोणी आधीच रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर असतो. शिवाय लोक अर्धंच लक्षात ठेवतात. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, म्हणजे पक्षाघाताची लक्षणं, तेव्हाही घरच्या घरी अ‍ॅस्पिरिन देतात. तिथे मेंदूत रक्तस्राव असेल तर ती उलट घात करते. म्हणून क्रम असा: आधी रुग्णवाहिकेला फोन, मग 'गोळी घेऊ का' हे फोनवरच्या माणसाला विचारायचं. ज्यांना हृदयाचा आजार आहे त्यांनी हे आपल्या डॉक्टरांकडून आधीच ठरवून ठेवावं.

एकट्या माणसासाठी मी एवढंच लिहीन: फोन करा, फोन स्पीकरवर ठेवा, दाराची कडी काढा, आणि जमिनीवर भिंतीला टेकून गुडघे मुडपून बसा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

कोरडाठाक

माझ्या बायकोने दार आधीच उघडं ठेवलंय, मी रात्री खोकतो म्हणून बाहेर झोपायला सांगते. (आजची अपॉइंटमेंट घेतली आहे.)

पिकलेपान

वाटसरू, मसुदा बाजूला ठेवा. काका गणिताचे शिक्षक ना? मग त्यांना उत्तर देऊ नका, उदाहरण द्या. रेवाताईंनी वर दाखवलंय की मेसेज स्वतःशीच जुळत नाही. ते त्यांनाच सापडू द्या. शिक्षकाला चूक दाखवली की राग येतो, स्वतःला सापडली की आनंद होतो.

वाटसरू (तीन दिवसांनी)

झालं बोलणं. लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

परवा संध्याकाळी फोन केला. आधी इकडचं तिकडचं. मग म्हणालो, "काका, तुम्ही पाठवलेला तो हृदयाचा मेसेज वाचला. त्यातलं एक गणित मला सुटेना." हे जरा नाटकी होतं, कबूल करतो, पण खोटं नव्हतं. ते लगेच सावरून बसल्याचं फोनवरून कळलं. "वाच," म्हणाले.

मी वाचलं. दहा सेकंदांत शुद्ध जाते. दर दोन सेकंदांनी एक श्वास, एक खोकला. मदत येईपर्यंत. ते म्हणाले, "म्हणजे पाच वेळा खोकून होतं. पाच खोकल्यांत कोण येणार?" थोडा वेळ शांत. मग म्हणाले, "की खोकल्यामुळे ते दहा सेकंद लांबतात असं त्यांचं म्हणणं आहे?" मला हे अपेक्षित नव्हतं, पण प्रश्न बरोबर होता! तिथे मी रेवाताईंची कॅथलॅब सांगितली. लांबतात, पण थोडेच, आणि तेही शेजारी यंत्र घेऊन माणूस उभा असला तर कामाचे. ते म्हणाले, "आणि कळ हाताकडून जबड्याकडे सरकेपर्यंत तर मिनिटं जात असतील. मग दहा सेकंद मोजायचे कधीपासून? पक्षच चुकीचा मांडलाय." हे म्हणताना आवाजात चक्क मजा होती.

मग मी विचारलं, "काका, हा मेसेज तुम्हाला का महत्त्वाचा वाटला?"

बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "तीन महिने झाले, मी कडी न लावता झोपतो."

कारण काय, तर रात्री काही झालं तर दार फोडायला लागू नये. शेजाऱ्यांना त्रास नको. दोनदा रात्री छातीत घाबरल्यासारखं होऊन जाग आली होती, तेव्हा उठून बसले, आणि दुसऱ्या वेळी खोकूनही पाहिलं. 'बरं वाटलं', म्हणून मेसेज खरा वाटला. कोणालाच सांगितलं नव्हतं.

मी काल तिकडे जाऊन आलो. एक किल्ली शेजारच्यांकडे दिली, कडीच्या जागी बाहेरून किल्लीने उघडेल असं कुलूप बसवतोय. रुग्णवाहिकेचा आणि माझा नंबर फोनवर एका बोटाने लागेल असा ठेवला. डॉक्टरांकडेही नेलं. ईसीजी ठीक आहे, पण पुढच्या तपासण्या लिहून दिल्यात, त्या या आठवड्यात.

रेवा_न

तपासण्या टाळू देऊ नका. ईसीजी काढताना त्रास नसेल तर तो सरळ येऊ शकतो, म्हणून 'ईसीजी ठीक' वर थांबायचं नाही. आणि त्यांना नक्की सांगा: पुन्हा तसं होऊन जाग आली आणि काही मिनिटांत ओसरलं नाही, किंवा घाम, धाप, हात-जबडा दुखणं यातलं काही सोबत असलं, तर फोन लगेच. 'बघू सकाळी' नाही. या वयात आणि मधुमेह असेल तर छातीत न दुखता नुसती धाप आणि घामही असू शकतो.

'खोकून बरं वाटलं' हेही समजण्यासारखं आहे. घाबरल्यासारखं होणं पुष्कळदा आपोआप ओसरतं. ते ओसरत असताना जे काही करत होतो त्याला श्रेय मिळतं.

खडूस_बोका

मी शब्द मागे घेतो, म्यूटचा. आईला फोन करून येतो.

पण ग्रुपवर गेलं की नाही?

वाटसरू

गेलं. त्यांनी स्वतः लिहिलं, मला दाखवलंही नाही. जसंच्या तसं देतो, त्यांना विचारून:

"शुद्धिपत्र. दि. रोजी मी पाठवलेल्या मजकुरात पुढील दुरुस्ती करावी. १. छातीत दुखू लागल्यास प्रथम रुग्णवाहिकेस फोन करावा, दार उघडावे व टेकून बसावे. २. खोकण्याचा उपाय इस्पितळात यंत्राला जोडलेल्या रुग्णास डॉक्टर सांगतात, कारण तेथे पुढच्या क्षणी झटका देण्याची सोय असते. घरी ती नसते. ३. मूळ मजकुरातील दहा सेकंद व 'मदत येईपर्यंत' ही दोन विधाने एकाच वेळी सत्य असू शकत नाहीत, हे माझ्या लक्षात यायला हवे होते. ४. म्हणून फोन प्रथम. आपला, सर."

निरंजना

वा! करायचं काय ते पहिल्यात आणि शेवटच्यात, मध्ये कारण. हे मी कार्यशाळेत लोकांना दोन तास शिकवते. त्यांनी चार ओळींत केलं.

चक्रम

'दि. रोजी' मधली तारीख गाळलीय. एक गुण वजा.

वाटसरू

आता उरलेली कटकट. एक, शुद्धिपत्राखाली नऊ हात जोडलेले आले, पण त्यातल्या दोघांनी काल जुनाच मेसेज पुन्हा वर काढून त्यालाही हात जोडलेत. जुना काढून टाकावा म्हटलं तर मुदत उलटलीय. सगळ्यांसाठी डिलीट करायला साधारण दोन दिवस मिळतात, आम्हाला चार लागले.

दोन, आत्या. तिने मला वेगळा फोन करून विचारलं, "पण खोकून काही बिघडत तर नाही ना? मग फोन करून खोकत बसलं तर काय हरकत?" मला पटकन उत्तर सुचलं नाही.

रेवा_न

आत्याचा प्रश्न चांगला आहे. फोन लावून झालाय, दार उघडलंय, बसलेय आणि खोकतेय, तर चारदा खोकून आकाश कोसळत नाही. प्रश्न क्रमाचा आहे. मेसेजमध्ये फोन कुठेच नाही, फक्त 'मदत येईपर्यंत'. ती बोलवायची कोणी? वाहिनी तुंबलेली असताना जितका वेळ जातो तितका हृदयाचा स्नायू मरत जातो, आणि तो परत येत नाही. 'आधी खोकून बघू, थांबलं नाही तर फोन करू' असं म्हणण्यात जी वीस मिनिटं जातात ती महाग पडतात. शिवाय जोर लावून खोकत राहिलं की दम लागतो, चक्कर येऊ शकते, आणि फोनवर बोलताही येत नाही. तिला एवढंच सांगा: हात मोकळा ठेवायचा, तोंड मोकळं ठेवायचं.

टिपणवही

मला अजून वाटतं की आत्या शेवटी खोकणारच.

निरंजना

शक्य आहे. महिन्याभराने सहज विषय काढा, परीक्षा घेतल्यासारखं नाही. "आत्या, तुझा फोन रात्री कुठे असतो गं?" असं. झिजलेलं पुन्हा भरावं लागतं.

चिंतातूर_जंतू

काल सासऱ्यांनी मला पक्षाघातात बोटांना सुई टोचून रक्त काढायचा मेसेज पाठवलाय. मी पिकलेपान काकांच्या पद्धतीने विचारलं, "बाबा, यातलं तुम्हाला काय पटलं?" उत्तर आलं, "तुला बघून सुई आठवली."

रेवा_न

:) त्यांना उलट टोचू नका, पण या विषयावर वेगळा धागा काढा. पक्षाघातात गाठ विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि 'शेवटचं ठीक कधी पाहिलं' ती वेळ विचारतात. टोचण्यात ती वेळ जाते.

कोरडाठाक

अपडेट: माझ्या रक्तदाबाच्या गोळीमुळे खोकला येत होता म्हणे. डॉक्टरांनी गोळी बदलली. या धाग्याचे आभार, जरी मी चुकून आलो होतो.

वाटसरू

अभिनंदन! इकडे नवीन भानगड. काकांनी तो मेसेज आणला कुठून, तर त्यांच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवरून. तिथे तो टाकणारे आहेत त्यांचे जुने मुख्याध्यापक, वय ८७. मी म्हटलं, मग शुद्धिपत्र तिथेही टाका की. तर काका म्हणाले, "वेडा आहेस का? त्यांना कसं सांगायचं सगळ्यांसमोर?" आणि आज सकाळी मला फोन: "तू मला कसं सांगितलंस, ते जरा क्रमाने सांग बघू."

पिकलेपान

मुख्याध्यापकांचा विषय कोणता होता?

वाटसरू

मराठी व्याकरण.

पिकलेपान

मग दहा सेकंदांचं गणित तिथे चालायचं नाही. 'मदत येईपर्यंत' या वाक्यातला कर्ता कुठे आहे, असं विचारायला सांगा.